एजंटाकडे गेलेला काजू कोणाचा? प्रेषण खात्याचं एक प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्गातल्या एका काजू प्रक्रिया करणाऱ्या भागीदारी फर्मचं आहे. त्यांचे वर्षअखेरीचे हिशेब मी बघतो. ओळख पटू नये म्हणून नावं आणि गावं दिलेली नाहीत, आकडेही थोडे बदलून सोपे केले आहेत. घटनाक्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे आहेत.

## पार्श्वभूमी

दोन भाऊ ही फर्म चालवतात. थोरले कारखाना बघतात: बी विकत घेणं, उकडणं, फोडणं, बोरम्यात वाळवणं, साल काढणं आणि गराची प्रतवारी. धाकटे विक्री आणि बँक सांभाळतात. आधी सगळा माल कोकणातल्या आणि कोल्हापूरच्या ठरावीक गिऱ्हाइकांना रोखीनं किंवा महिन्याच्या उधारीवर जायचा. २०२३ च्या दिवाळीनंतर पुण्यातल्या सुक्या मेव्याच्या एका जुन्या एजंटानं त्यांना एक प्रस्ताव दिला. माल माझ्या गोदामात ठेवा, विकला जाईल तसे पैसे देतो, मला चार टक्के कमिशन द्या. भाव बाजारात मिळेल तो. न विकलेला माल तुमचा, परत न्यायचा झाला तरी तुमचाच. माल असा एजंटाकडे विकायला ठेवण्याला हिशेबात प्रेषण म्हणतात.

भावांना हे आवडलं. पुण्याचे मिठाईवाले आणि केटरर्स एकरकमी मोठी खरेदी करत नाहीत, त्यांना आठवड्याला चार-पाच डबे लागतात. तेवढ्यासाठी सावंतवाडीच्या बाजूनं टेम्पो पाठवणं परवडत नाही. माल पुण्यात असेल तरच हे गिऱ्हाईक मिळतं.

२०२४ च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत दोन खेपांत १० किलोचे ४०० डबे पुण्याला गेले. सगळा माल एकाच प्रतीचा, अख्खा ३२० नंबर. फर्मला तो किलोला ६०० रुपयांना पडला होता. टेम्पोभाडं, हमाली आणि वाटेतला विमा मिळून ३२,००० रुपये झाले, म्हणजे किलोमागे ८ रुपये. एजंटानं माल मिळाल्यावर आठ लाखांची उचल दिली आणि मार्चअखेरपर्यंत आणखी चार लाख पाठवले.

लेखी करार नव्हता. चार टक्क्यांचा उल्लेख व्हॉट्सॲपवरच्या एका संदेशात होता, तेवढाच.

## अडचण कुठे सुरू झाली

माल पाठवताना फर्मच्या हिशेबनिसानं किलोला ७०० रुपयांनी जीएसटीचं बिल केलं: २८ लाखांचा माल आणि ५ टक्क्यांनी १,४०,००० कर. इथपर्यंत काहीच चुकलं नव्हतं. एजंट पुण्यातल्या दुकानदारांना स्वतःच्या नावानं बिल देत होता. अशा एजंटाकडे मालकानं माल पाठवला, की मोबदला मिळालेला नसला तरी केंद्रीय जीएसटी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे तो पुरवठा धरला जातो. एजंट कोणाच्या नावानं बिल करतो यावर हे ठरतं, हा मुद्दा सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकानं स्पष्ट केला आहे. म्हणून कर पाठवणीच्या वेळीच लागतो आणि बिल करावंच लागतं. एजंटाला त्या कराचं क्रेडिट मिळालं आणि त्यानं १,४०,००० वेगळे पाठवून दिले. पुढच्या आकड्यांतून मी जीएसटी बाजूला ठेवला आहे.

घोटाळा पुढच्या पायरीवर झाला. टॅलीत बिल केलं की रक्कम आपोआप विक्री खात्यात जाते आणि समोरचा देणेकरी होतो. तसंच झालं. वह्यांत २८ लाखांची विक्री दिसू लागली आणि एजंटाकडून १६ लाख येणं दिसू लागलं. ४०० डबे साठ्यातून वजा झाले. कारखान्यात ते नव्हतेच, त्यामुळे ३१ मार्चच्या मोजणीतही काही खटकलं नाही.

मे महिन्यात बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा नूतनीकरणाला आली. बँकेनं मोठ्या देणेकऱ्यांची बाकी लेखी कळवायला सांगितली, त्यात हा एजंट सगळ्यात मोठा होता. त्यानं उत्तर पाठवलं: ३१ मार्चला माझ्याकडून तुमचं येणं ५,१३,००० रुपये.

धाकटे भाऊ ते पत्र घेऊन आले तेव्हा चिडलेले होते. "अकरा लाख रुपये खाल्ले यानं," असं त्यांचं म्हणणं होतं. थोरल्यांना तसं वाटत नव्हतं, पण हिशेब कुठे बिघडला तेही सांगता येत नव्हतं. मी एजंटाला फोन करून मार्चअखेरपर्यंतच्या सगळ्या पट्ट्या, म्हणजे त्यानं केलेल्या विक्रीचे हिशेब, मागवल्या. त्याच्याकडे त्या तयार होत्या. फर्मकडे वेळेवर पाठवायच्या राहून गेल्या होत्या, कारण कोणी मागितल्याच नव्हत्या.

पट्ट्यांवरून चित्र असं निघालं. ३१ मार्चपर्यंत २५० डबे, म्हणजे २,५०० किलो माल सरासरी ७२० रुपयांनी विकला गेला होता. विक्री १८ लाख. त्यातून कमिशन ७२,००० आणि गोदामभाडं व स्थानिक पोहोच यांचे १५,००० वजा. राहिले १७,१३,०००. त्यापैकी १२ लाख पाठवलेले, म्हणून बाकी ५,१३,०००. एजंटाचा आकडा बरोबर होता.

मग १६ लाख आणि ५,१३,००० यांच्यातले १०,८७,००० गेले कुठे? न विकलेले १५० डबे बिलाच्या भावानं १०,५०,००० चे होते आणि ते एजंटाचं देणं नव्हतं. विकलेल्या मालाला बिलापेक्षा किलोमागे २० रुपये जास्त मिळाले, म्हणून ५०,००० वाढले. कमिशन आणि खर्चाचे ८७,००० कमी झाले. एवढी जुळणी कागदावर मांडून दाखवल्यावर धाकट्यांचा राग ओसरला. पण थोरल्यांनी लगेच विचारलं, "बिल आपण फाडलं, कर आपण भरला, माल त्याच्या गोदामात. मग ती विक्री नाही तर काय?"

हा प्रश्न रास्त होता. जीएसटी त्याला पुरवठा म्हणतो, ते करापुरतं खरं आहे. लेखामानक ९ मात्र सांगतं की प्रेषणावर पाठवलेला माल तिसऱ्या माणसाला विकला जाईपर्यंत उत्पन्न धरायचं नाही. त्यामागचं कारण भावांनी स्वतःच मान्य केलेल्या अटीत होतं: भाव पडला तर नुकसान त्यांचं, माल खराब झाला तर त्यांचा, विकला गेला नाही तर परत आणायचा त्यांनी. ही सगळी जोखीम ज्याच्याकडे, माल त्याचा. एजंटाकडे फक्त ताबा होता.

## नफ्यावर काय परिणाम झाला होता

वह्यांप्रमाणे या मालावरचा नफा ३,६८,००० दिसत होता: २८ लाखांतून २४ लाखांचा माल आणि ३२,००० वाहतूक वजा. कमिशन धरलेलंच नव्हतं, कारण पट्टी आलेली नव्हती. प्रेषण खातं नीट मांडल्यावर ते असं दिसलं:

| नावे | रुपये | जमा | रुपये |
|---|---|---|---|
| पाठवलेला माल (४,००० किलो × ६००) | २४,००,००० | एजंटाची विक्री (२,५०० किलो × ७२०) | १८,००,००० |
| वाहतूक, हमाली, वाटेतला विमा | ३२,००० | एजंटाकडचा शिल्लक माल (१,५०० किलो × ६०८) | ९,१२,००० |
| एजंटाचे खर्च | १५,००० | | |
| कमिशन | ७२,००० | | |
| नफा | १,९३,००० | | |
| एकूण | २७,१२,००० | एकूण | २७,१२,००० |

खरा नफा १,९३,०००. म्हणजे वह्यांत नफा १,७५,००० रुपयांनी जास्त दिसत होता, त्यातले १,३८,००० न झालेल्या विक्रीचे होते. भागीदारी फर्मला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो, त्या हिशेबानं ५४,६०० रुपयांचा आयकर एक वर्ष आधी भरला गेला असता. शिवाय भागीदारांनी त्याच नफ्यावर उचल करायचं ठरवलं होतं, ते वेगळंच.

## समोरचे पर्याय

हिशेब अजून अंतिम व्हायचे होते, म्हणून दुरुस्तीला वाव होता. तीन निर्णय घ्यायचे होते.

पहिला, नोंदी कशा दुरुस्त करायच्या. जे आहे ते तसंच ठेवावं आणि पुढच्या वर्षी जुळेल, असं हिशेबनिसाचं मत होतं. ते मी मान्य केलं नाही. पुढच्या मार्चला पुन्हा माल एजंटाकडे असणार, मग चूक फक्त सरकत राहते. दुसरा मार्ग म्हणजे वर्षअखेरीला न विकलेल्या मालापुरती उलट नोंद करणं. त्यात आकडे जुळतात, पण वर्षभर कोणत्याही दिवशी एजंटाकडे किती माल आहे हे वह्यांतून कळत नाही. या फर्मची खरी अडचण तीच होती. म्हणून प्रत्येक खेपेसाठी वेगळं प्रेषण खातं ठेवायचं ठरलं.

दुसरा निर्णय शिल्लक मालाच्या किमतीचा, आणि यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. धाकट्यांना १५० डबे ७०० रुपयांनी धरायचे होते, कारण बिल त्याच किमतीचं होतं. तसं केलं असतं तर न झालेला नफा दुसऱ्या वाटेनं परत आत आला असता. थोरल्यांनी ६०० सुचवले, कारण कारखान्यात माल तेवढ्याला पडला. पण तो डबा पुण्याच्या गोदामात पोहोचवायला ८ रुपये लागले आणि पुण्यात असल्यामुळेच तो विकला जाणार आहे, म्हणून ते ८ रुपयेही त्याच्या किमतीत धरायचे. एजंटाचे १५,००० मात्र धरायचे नाहीत. गोदामभाडं आणि दुकानापर्यंतची पोहोच हे विक्रीचे खर्च आहेत. मालाची किंमत त्यांनी वाढत नाही. इथे एक साधी कसोटी उपयोगी पडते: माल विक्रीच्या जागी पोहोचेपर्यंतचा, एकदाच होणारा खर्च किमतीत घ्यायचा, त्यानंतरचा नाही.

६०८ रुपये ठरल्यावर आणखी एक तपासणी उरते. लागत आणि विकून हातात पडणारी रक्कम यांपैकी जी कमी असेल ती धरायची. ७२० मधून कमिशनचे २८ रुपये ८० पैसे आणि एजंटाच्या खर्चाचे ६ रुपये गेले तर ६८५ रुपये २० पैसे उरतात. ६०८ त्यापेक्षा कमी, म्हणून ६०८ राहिले. काजूचा भाव पडलेल्या वर्षी याचं उत्तर उलटं येऊ शकतं, तेव्हा ही तपासणी दर मार्चला करावीच लागते.

तिसरा निर्णय पुढच्या व्यवस्थेचा: बिलं एजंटाच्या नावानं चालू ठेवायची की फर्मच्या? फर्मच्या नावानं बिल झालं तर पाठवणी हा पुरवठा राहत नाही. माल चलनावर जातो, पुण्याचं गोदाम जीएसटीच्या नोंदणीत व्यवसायाची जादा जागा म्हणून दाखवावं लागतं आणि कर प्रत्यक्ष विक्रीच्या वेळी लागतो. पैसा कमी अडकतो आणि जीएसटीची उलाढाल वह्यांतल्या विक्रीशी आपोआप जुळते. मला हा मार्ग स्वच्छ वाटत होता. पण एजंट तयार नव्हता. गिऱ्हाईक त्याच्या नावावर उधार घेतं, वसुली तो त्याच्या नावावर करतो, आणि बिलावर कोकणातल्या फर्मचं नाव आलं की उद्या गिऱ्हाईक थेट तिकडे जाईल ही भीती त्याला होती. त्याची बाजू समजण्यासारखी होती, म्हणून जुनीच पद्धत ठेवली.

## प्रत्यक्ष काय केलं

सगळ्यात आधी माल खरंच आहे का ते बघायचं होतं. पट्टीवर १५० डबे लिहिले म्हणून ते आहेत असं होत नाही. मेच्या उत्तरार्धात धाकटे स्वतः पुण्याला जाऊन मोजून आले. गोदामात ९६ डबे सापडले. १ एप्रिलपासून त्या दिवसापर्यंतच्या बिलांवर ५३ डबे गेलेले होते. बेरीज १४९. एक डबा कमी होता. एजंटानं एप्रिलमध्ये एका केटररला नमुना दाखवायला तो उघडला होता आणि पट्टीत लिहायचा राहिला होता. त्या केटररनंही तसं सांगितलं. म्हणजे ३१ मार्चला १५० डबे होतेच. मार्चअखेरची मोजणी मेमध्ये अशी उलटी चालत जाऊन करता येते, फक्त मधल्या दिवसांची बिलं पूर्ण हवीत.

मग नोंदी. जीएसटीचं बिल पूर्वीसारखंच करायचं, पण रक्कम विक्री खात्याऐवजी "प्रेषणावर पाठवलेला माल" या वेगळ्या खात्यात घ्यायची, जे विक्रीच्या गटात नाही. त्याच दिवशी जर्नल नोंदीनं ते खातं आणि एजंटाच्या नावावरची मालाची रक्कम एकमेकांविरुद्ध रद्द करायची. एजंटाच्या नावावर फक्त जीएसटी राहतो. मालासाठी टॅलीत पुण्याचं वेगळं गोदाम उघडलं आणि डबे कारखान्यातून तिथे हलवल्याची नोंद लागत किमतीनं सुरू केली. एजंटाची पट्टी आली की त्या विक्रीपुरता तो देणेकरी होतो, त्याआधी नाही.

जीएसटीच्या विवरणात २८ लाख आणि नफा-तोटा पत्रकात १८ लाख, हा फरक राहणारच. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात जीएसटीची उलाढाल दिसते, त्यामुळे कधीतरी प्रश्न येणार हे धरून एक पानाची जुळणी फाइलला लावली: पाठवलेला माल किती, त्यातला विकलेला किती, बिलभाव आणि विक्रीभाव यांत फरक किती. पुढच्या वर्षी चित्र उलटं असतं. त्या १५० डब्यांची विक्री वह्यांत येते पण जीएसटीत नाही, कारण कर आधीच भरलेला असतो. हे पान एकदा नीट केलं की दरवर्षी त्याच साच्यात भरता येतं.

करात अडकणारी रक्कमही थोडी कमी करता आली. एजंटाकडे जाणाऱ्या मालाची किंमत ठरवताना जीएसटीचा नियम २९ दोन वाटा देतो: खुल्या बाजारातली किंमत, किंवा एजंट तशाच मालासाठी गिऱ्हाइकाला लावतो त्या किमतीच्या ९० टक्के. ७२० च्या ९० टक्के ६४८ होतात. पुढच्या खेपा त्या हिशेबानं पाठवायचं ठरलं.

बँकेला खरं सांगणं धाकट्यांना जड गेलं. मार्चच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये एजंटाचे १६ लाख देणेकरी म्हणून दाखवले होते आणि बँक देणेकऱ्यांवर ४० टक्के मार्जिन ठेवून मर्यादा देत होती. १६ लाखांवर ९,६०,००० मिळत होते, ५,१३,००० वर जेमतेम तीन लाख आठ हजार. साडेसहा लाखांनी उचल कमी. आम्ही सुधारित स्टेटमेंट दिलं आणि सोबत विचारलं की एजंटाकडचा ९,१२,००० चा माल साठा म्हणून धरता येईल का. शाखाधिकाऱ्यांनी तीन अटी घातल्या: हा माल फर्मचा असल्याचं एजंटाचं लेखी पत्र, गोदामाचा पत्ता घालून विमा, आणि बँकेला कधीही तपासणीची मुभा. पत्र लगेच मिळालं, तपासणीलाही एजंट तयार झाला. विम्याचं काम "पावसाळ्याआधी करू" म्हणून धाकट्यांनी घेतलं.

## जुलैमध्ये काय झालं

विमा झाला नाही. जुलैत पुण्यात जोराचा पाऊस झाला आणि एजंटाच्या तळमजल्यावरच्या गोदामात पाणी शिरलं. जुन्या खेपेतले ४४ डबे तिथे होते, त्यांपैकी जमिनीवरच्या खालच्या थरातले ३० डबे दोन दिवस पाण्यात राहिले. डब्यांच्या सांध्यांना गंज चढला. काही फोडून बघितले तर गर मऊ पडलेला होता. काजूगरात ५ टक्क्यांपर्यंत ओलावा व्यापारात चालतो, यात त्याहून बराच जास्त निघाला.

एजंटाच्या गोदामाचा विमा होता. पण त्यात कमिशनवर किंवा विश्वासानं ठेवलेल्या दुसऱ्यांच्या मालाचा उल्लेख नव्हता, म्हणून फर्मचे डबे त्यात बसले नाहीत. फर्मच्या पॉलिसीत फक्त कारखान्याचा पत्ता होता. दोन पॉलिसी असून माल दोन्हींच्या बाहेर राहिला. प्रेषणात हे वारंवार घडतं, कारण माल एकाचा आणि छप्पर दुसऱ्याचं असतं आणि दोघांनाही वाटतं की दुसऱ्यानं सोय केली असेल.

डबे कारखान्यात परत आणले. ४० किलो गराला कुबट वास होता, तो टाकून दिला. उरलेला २६० किलो पुन्हा बोरम्यात वाळवून, प्रत उतरवून ४३० रुपयांनी विकला गेला: १,११,८०० रुपये. परत आणण्याचा आणि वाळवण्याचा खर्च ७,८००, म्हणजे हाती आले १,०४,०००.

३०० किलोची लागत ६०८ नं १,८२,४०० होती. नुकसान ७८,४००. हिशेबनिसाला हे बाकीच्या मालाच्या किमतीत मिसळायचं होतं. वाहतुकीत डबा चेपून थोडा गर तुटतो, ते नेहमीचं असतं आणि चांगल्या मालाच्या किमतीतच मुरवायचं असतं. गोदामात पाणी शिरणं त्यातलं नाही. म्हणून पूर्ण १,८२,४०० प्रेषण खात्यातून बाहेर काढले, वेगळं असाधारण नुकसान खातं उघडलं आणि आलेले १,०४,००० त्यात जमा केले. मिसळले असते तर पुण्याचा धंदाच तोट्याचा दिसला असता आणि भावांनी कदाचित चुकीच्या कारणानं तो बंद केला असता.

नुकसान कोणी सोसायचं? मालक फर्म, म्हणून पहिला भार फर्मवर. पण भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २१२ प्रमाणे एजंटाच्या निष्काळजीपणाचा थेट परिणाम म्हणून झालेलं नुकसान त्यानं भरून द्यायचं असतं. गोदामात रॅक होते, त्यावर त्याचा स्वतःचा बदाम होता आणि काजू जमिनीवर होता, हे फोटोंत दिसत होतं. लेखी करार नसल्यामुळे भांडण ताणता आलं असतं. तरी एजंटानं अर्धा वाटा, ३९,२०० रुपये, पुढच्या कमिशनमधून सोडायचं मान्य केलं. माझ्या मते तडजोड ठीक होती. न्यायालयात जाऊन जास्त मिळालं असतं की नाही सांगता येत नाही, पण पुण्याचं गिऱ्हाईक नक्की गेलं असतं.

## निष्पत्ती

ऑगस्टमध्ये लेखी करार झाला. मालाची मालकी विक्रीपर्यंत फर्मची. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पट्टी आणि शिल्लक डब्यांचा आकडा. माल रॅकवरच ठेवायचा. विमा फर्म काढणार, पुण्याचा पत्ता घालून. नमुन्याचा डबा आधी विचारून उघडायचा. विमा निघाल्यावर बँकेनं एजंटाकडचा माल २५ टक्के मार्जिनवर साठ्यात धरायला सुरुवात केली.

उधारी बुडण्याचा प्रश्नही तेव्हाच निघाला. साधं कमिशन घेणारा एजंट गिऱ्हाइकानं पैसे बुडवले तर जबाबदार नसतो, तो तोटाही माल पाठवणाऱ्याचाच. एजंटानं दीड टक्का हमी कमिशन मागितलं, त्या बदल्यात बुडीत उधारी त्याची. १८ लाखांवर हे २७,००० होतात. गिऱ्हाइकाला उधार द्यायचं की नाही हे तोच ठरवतो, फर्मला त्या दुकानदारांची पत माहीतही नाही. म्हणून हमी घ्यावी असं मी सुचवलं आणि भावांनी ती घेतली.

## वेगळं काय करता आलं असतं

एका प्रश्नावर आमची चर्चा अजून चालू आहे: हा माल प्रेषणावर पाठवायलाच हवा होता का? त्याच एजंटानं जानेवारीत दुसरा पर्याय दिला होता, किलोला ६५५ रुपये देऊन माल सरळ विकत घ्यायचा. तेव्हा भावांनी तो हसण्यावारी नेला. ७२० मिळत असताना ६५५ कोण घेईल?

पण आकडे शेजारी ठेवले की गोष्ट बदलते. सरळ विक्रीत किलोमागे ४७ रुपये सुटले असते. प्रेषणात ६८५ रुपये २० पैशांतून ६०८ गेले की ७७ रुपये २० पैसे, म्हणजे ३० रुपये जास्त. माल सरासरी अडीच महिने पडून राहिला असं धरलं, तर बँकेच्या १० टक्के व्याजानं किलोमागे १२ रुपये ६७ पैसे जातात. उरले सुमारे साडेसतरा रुपये, ४,००० किलोवर साधारण ७०,०००. जोखीम उचलण्याची मजुरी एवढीच होती. जुलैच्या पाण्यानं ७८,४०० नेले आणि एजंटाचा अर्धा वाटा आला नसता तर ती मजुरी पूर्ण वाहून गेली असती. वर विम्याचा हप्ता आणि दीड टक्का हमी धरली तर फरक आणखी कमी होतो. हमीचेच किलोमागे १० रुपये ८० पैसे होतात.

थोरल्यांना आता सरळ विक्री बरी वाटते. धाकट्यांचं म्हणणं वेगळं आहे आणि त्यातही तथ्य आहे: सणाच्या आधी भाव चढतो तेव्हा माल आपला असेल तरच चढलेला भाव आपल्याला मिळतो, विकून मोकळे झालो तर तो एजंटाला. सध्या त्यांनी मधला मार्ग धरला आहे. मे ते ऑगस्ट सरळ विक्री, गोदामात पावसाळ्याला माल ठेवायचाच नाही. सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंत आणि पुन्हा लग्नसराईत प्रेषण, पण एका खेपेला १५० डब्यांपेक्षा जास्त नाही. जानेवारी-फेब्रुवारीत मिळून ४०० डबे पाठवण्याऐवजी आधीच्या पट्ट्यांवरून आठवड्याची विक्री बघून खेप ठरवली असती, तर मार्चला आणि पावसाळ्याला एवढा साठा तिथे राहिलाच नसता.

दुसरी गोष्ट पट्टीची. मार्चमध्ये एक पट्टी जरी वेळेवर मागितली असती तरी विक्री खात्यातली चूक बँकेच्या पत्राआधीच दिसली असती, कारण पट्टीच्या खालच्या ओळीत शिल्लक डबे लिहिलेले असतात आणि वह्यांत ते कुठेच नव्हते. आता हिशेबनीस दर महिन्याच्या ५ तारखेला तो आकडा टॅलीतल्या पुण्याच्या गोदामाशी ताडून बघतो. गेल्या तपासणीत दोन डब्यांचा फरक आला होता. ते सोलापूरच्या गिऱ्हाइकाला पाठवलेले पण बिल दुसऱ्या दिवशी झालेले निघाले.

आता सुरतचा एक व्यापारी याच अटींवर माल मागतो आहे. तिथे राज्य बदलतं, म्हणजे एकात्मिक जीएसटी लागेल, अंतर वाढेल आणि मोजणीला जाणं अवघड होईल. त्याला उत्तर देण्याआधी भावांनी दोन गोष्टी मागितल्या आहेत: गोदामाचे फोटो आणि विमा पॉलिसीची प्रत.